लॉग वाहकतेच्या रेषेतून सक्रियण ऊर्जा फारच कमी येते? आधी हे तपासा

जुलै-ऑगस्ट आला की आमच्या लातूरच्या प्रयोगशाळेत हा प्रश्न हमखास येतो. मागच्या पावसाळ्यात एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी वाहकतेचा लॉग विरुद्ध `1000/T` असा आलेख घेऊन दारात उभी राहिली. "सर, रेष तर बरी आली, पण आकडा लई कमी येऊलालाय." लिथियम टायटॅनियम फॉस्फेटची सिरॅमिक गोळी, दोन्ही तोंडांना सिल्व्हर पेस्ट, ३० ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत सात वाचनं. सक्रियण ऊर्जा निघाली होती ०.११५ इलेक्ट्रॉन व्होल्ट. हा बिघाड मी इतक्यांदा दुरुस्त केला आहे की आता तपासण्यांचा क्रम ठरून गेला आहे. तो तिच्याच गोळीच्या आकड्यांवर इथे मांडतो.

लक्षणं

खालीलपैकी एक जरी दिसलं तरी पुढचं वाचा.

सक्रियण ऊर्जा ०.१ ते ०.२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास येते. सिरॅमिकमधल्या लिथियम किंवा सोडियम आयनाला एका जागेवरून शेजारच्या रिकाम्या जागेवर उडी मारायला एवढा कमी अडथळा असणं अशक्य नाही, पण दुर्मीळ आहे. अशा वेळी आधी स्वतःच्या मापनावर संशय घ्यावा.

तीच गोळी, तेच यंत्र, पण मे महिन्यात एक उत्तर आणि जुलैत दुसरं.

आलेखाचं उजवं टोक, म्हणजे थंड बाजू, आडवं झोपल्यासारखं दिसतं. डावी बाजू मात्र व्यवस्थित तिरकी असते.

तापवताना आणि थंड होताना घेतलेली वाचनं एकमेकांवर बसत नाहीत.

यातलं शेवटचं लक्षण सगळ्यात उपयोगी आहे, आणि नेमकं तेच बहुतेकांना दिसत नाही, कारण थंड होतानाची वाचनं कोणी घेतच नाही. १५० अंशाला पोचलं की फर्नेस बंद करून लोक घरी जातात.

पहिली तपासणी: लॉग कोणता आणि अंश कोणते

याला ना पैसे लागतात ना यंत्र, म्हणून हीच पहिली.

आयनाच्या उडीचं सूत्र नैसर्गिक लॉगमध्ये आहे. एक्सेलमधलं `LOG()` मात्र दहाच्या पायाचं आहे. नैसर्गिक लॉगसाठी `LN()` लागतं. पायथनमध्ये उलटं: `np.log` नैसर्गिक आणि `np.log10` दहाच्या पायाचं. आलेख एका लॉगचा आणि सूत्र दुसऱ्या लॉगचं झालं की उत्तर २.३०३ पटीने चुकतं. आडव्या अक्षावर `1000/T` असेल तर एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

```
ln   वापरला तर:  Ea (eV) = 0.08617 × |slope|
log10 वापरला तर: Ea (eV) = 0.1984  × |slope|
```

त्या विद्यार्थिनीच्या रेषेचा उतार उणे १.३४ होता. आलेख `LOG()`चा आणि गुणक ०.०८६१७ चा. बरोबर गुणक लावला आणि ०.११५ चे ०.२६५ झाले. गोळीला हातही लावला नव्हता.

तापमान केल्विनमध्ये आहे का, हे आलेखाकडे बघूनच कळतं. ३० ते १५० अंश सेल्सिअससाठी आडवा अक्ष साधारण ३.३ ते २.३६ यांच्यामध्ये असला पाहिजे. तिथे ३३ आणि ६.७ असे आकडे दिसले तर २७३.१५ मिळवायचं राहून गेलं आहे.

दुसरी तपासणी: वाहकता घेतली की वाहकता गुणिले तापमान

अनेक जण नुसत्या वाहकतेचा लॉग घेतात. आयन उडीसाठी वाहकतेला केल्विन तापमानाने गुणून मग लॉग घ्यायला हवा. आयन किती वेळा उडी मारतो हे घातांकी पदावर ठरतं, पण विद्युत क्षेत्राने त्या उड्यांना एका दिशेने किती कल मिळतो हे तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असतं. नर्न्स्ट-आइन्स्टाइन संबंधात भाजकात जो `kT` येतो तो हाच. तो डाव्या बाजूला नेला की उरतं:

```
σT = A · exp(−Ea / kT)
```

फरक किती पडतो? सरासरी तापमानाच्या `kT` एवढा. आपल्या तापमानपट्ट्यात तो ०.०३ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. हिच्या बाबतीत ०.२६५ चे ०.३० झाले. फरक लहान वाटेल, पण दोन गोळ्यांची तुलना करताना एकीची ऊर्जा एका पद्धतीने आणि दुसरीची दुसऱ्या पद्धतीने काढली, तर तेवढ्याच फरकावर प्रबंधातला एक अख्खा परिच्छेद उभा राहतो. तसं होताना मी पाहिलं आहे. कोणती पद्धत वापरली ते आलेखाच्या अक्षावर लिहिलंच पाहिजे.

इथे एका गोष्टीची चिंता सोडून द्या. जाडी आणि क्षेत्रफळ मोजण्यात चूक झाली असेल तर प्रत्येक वाचन एकाच गुणकाने चुकतं, आणि लॉगमध्ये तो गुणक रेष फक्त वर किंवा खाली सरकवतो. उतार बदलत नाही. ऊर्जा चुकली म्हणून मायक्रोमीटर घेऊन गोळी दहादा मोजणारी मुलं असतात. त्यांचा तो वेळ वाया जातो.

तिसरी तपासणी: दहा किलोओहमचा रेझिस्टर

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही रुपयांत मिळणारा, एक टक्का अचूकतेचा १० किलोओहमचा रेझिस्टर घ्या आणि गोळीच्या जागी त्याच वायरींना, त्याच होल्डरमध्ये लावा. फर्नेस थंड असू द्या. इम्पिडन्स यंत्राने ९.९ ते १०.१ किलोओहमच्या आत, सपाट वाचन दाखवायला हवं. मग वायरी एकमेकींना जोडून वाचन घ्या: दोन-तीन ओहम आले तर आपल्यासाठी ते नगण्य, कारण ही गोळी सर्वात गरम असतानाही १ किलोओहमच्या आसपास असते. शेवटी वायरी मोकळ्या सोडा. तेव्हाचा रोध गोळीच्या सर्वात मोठ्या रोधापेक्षा निदान शंभर पट हवा. तसा नसेल तर थंड टोकाला तुम्ही गोळीऐवजी होल्डरचं इन्सुलेशन मोजताय. त्यानेही रेषेचं उजवं टोक आडवं होतं.

चौथी तपासणी: गोळीतलं पाणी

मराठवाड्यात मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की ओला रुमाल खुर्चीवर टाकला तरी तासाभरात कडक होतो. जुलैत तीच खोली दमट होते. डेसिकेटरमधली सिलिका जेल जूनच्या पहिल्या आठवड्यात निळी असते. महिनाभराने पाहिलं तर कडेने गुलाबी झालेली, आणि मधल्या भागातही निळा ठिपका शोधावा लागतो. त्या डेसिकेटरमधून काढलेली गोळी कोरडी आहे असं मानणं हीच या बिघाडाची सुरुवात.

सिंटर केलेली गोळी पूर्ण घट्ट नसते. घनता ८५-९० टक्के असेल तर आत उघडी छिद्रं उरतात. त्या छिद्रांच्या भिंतींवर आणि गोळीच्या कडेवर पाण्याचा पातळ थर बसतो. त्या थरातून प्रोटॉन आणि विरघळलेले आयन सहज वाहतात. म्हणजे गोळीच्या खऱ्या रोधाला समांतर असा एक चोरवाटेचा रोध जोडला जातो. गोळी थंड असते तेव्हा तिचा स्वतःचा रोध मोठा असतो, म्हणून जवळजवळ सगळा प्रवाह चोरवाटेने जातो. तापवत गेलं की पाणी उडतं, चोरवाट बंद होते, आणि १०० अंशांच्या पुढे खरी गोळी दिसू लागते. एकाच रेषेत दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात ते असं.

त्या विद्यार्थिनीला मी सांगितलं, गोळी १५० अंशाला तीन तास ठेव, रोटरी पंप चालू ठेव, आणि मग होल्डर न उघडता थंड होताना वाचनं घे. गोळीची जाडी १.५ मिलिमीटर, व्यास १० मिलिमीटर. रोध असे आले:

| तापमान (सेल्सिअस) | पहिल्यांदा तापवताना | वाळवून थंड होताना |
|---|---|---|
| ३० | १५.९ किलोओहम | ९५.५ किलोओहम |
| ५० | १४.७ | ३५.१ |
| ७० | ११.२ | १४.५ |
| ९० | ६.३७ | ६.६४ |
| ११० | ३.३१ | ३.३१ |
| १३० | १.७७ | १.७७ |
| १५० | १.०१ | १.०१ |

खालचे तीन आकडे दोन्हीकडे तेच आहेत. ३० अंशाला मात्र सहापट फरक. पहिल्या स्तंभात ३० वरून ५० अंशांवर जाताना रोध जेमतेम आठ टक्क्यांनी उतरला आहे, आणि दुसऱ्यात तो जवळजवळ एक तृतीयांश झाला आहे. कोरड्या आयनवाहकात ३० अंशांच्या आसपास एका अंशाने रोध सुमारे पाच टक्के बदलतो. वीस अंशांत आठ टक्के ही चाल आयन उडीची नाहीच.

वाळवलेल्या स्तंभाची रेष काढायला एवढं पुरतं:

```python
import numpy as np
t = np.array([30, 50, 70, 90, 110, 130, 150])
R = np.array([95500, 35100, 14500, 6640, 3310, 1770, 1010])
L, area = 0.15, 0.785       # cm, cm^2
T = t + 273.15
s = L / (R * area)
m, c = np.polyfit(1000/T, np.log(s*T), 1)
print(-m*0.08617, np.exp(c))
```

उत्तर ०.४५ इलेक्ट्रॉन व्होल्ट. सकाळी ०.११५ होतं.

पहिल्या, ओल्या रेषेचा `R²` ०.९१ च्या वर होता, आणि तेवढ्यावर ती खूश होती. लॉग अक्षावर जवळजवळ कोणतीही उतरती माळ ०.९ देते. `R²` पाहण्याऐवजी प्रत्येक बिंदू रेषेच्या वर आहे की खाली ते पाहा. दोन्ही टोकं वर आणि मधले बिंदू खाली असतील तर ती रेष नव्हे, वाक आहे.

आणखी एक पडताळा याच कोडमधून मिळतो, आणि तो फार कमी लोक वापरतात. शेवटी छापलेला दुसरा आकडा म्हणजे रेषेचा छेद, सूत्रातला `A`. आयनांची संख्या, उडीची लांबी आणि जालकाच्या कंपनाची वारंवारता घालून तो कागदावर अंदाजे काढता येतो. दर घन सेंटीमीटरला ५ × १०²¹ आयन, साडेतीन अँगस्ट्रॉमची उडी आणि सेकंदाला १०¹³ कंपनं धरली तर तो साधारण २ × १०⁴ सीमेन्स केल्विन प्रति सेंटीमीटर येतो. वाळलेल्या गोळीचा छेद १.८ × १०⁴ च्या आसपास आला. ओल्या रेषेचा आला जेमतेम २००. ऊर्जा खोटी कमी झाली की छेदही शंभर-शंभर पटीने पडतो, कारण रेष गरम टोकाला खऱ्या बिंदूंनी धरून ठेवलेली असते. छेद अंदाजापेक्षा इतका खाली दिसला की उताराला सही करू नका. अर्थात हा अंदाज दशगुणाच्या पातळीवरचा आहे. दोन-तीन पट फरकावरून काही ठरवू नये.

वाळवण्याबद्दल एक सावधगिरी. आमच्याकडे कोरड्या नायट्रोजनची सोय नाही, म्हणून पंपावर काम भागवतो. पंप नसेल तर निदान थंड होतानाची वाचनं फर्नेस न उघडता, पटापट घ्या, आणि ५० अंशांखालचे बिंदू रेषेत धरू नका. गुलाबी सिलिका जेल ओव्हनमध्ये १२० अंशाला ठेवली की पुन्हा निळी होते. पावसाळ्यात हे दर आठवड्याला करावं लागतं.

पाचवी तपासणी: तापमान गोळीचं की फर्नेसचं

कंट्रोलरवरचा आकडा फर्नेसच्या भिंतीजवळच्या थर्मोकपलचा असतो. गोळी होल्डरच्या टोकाशी, हवेच्या झोतात असते. ३० अंशाला दोघं एकच असतात, पण कंट्रोलर १५० म्हणत असताना गोळी १३८ वर असू शकते. हा फरक तापमानाबरोबर वाढत जातो, म्हणून तो उतारातच शिरतो: खरे ०.४५ असताना ०.४२ येतात. फसवी गोष्ट अशी की रेष अगदी सरळच राहते, आणि छेदही फार बिघडत नाही.

दुसरं के-टाइप थर्मोकपल घेऊन त्याचं टोक गोळीपासून दोन-तीन मिलिमीटरवर आणा. आलेखात तोच आकडा वापरा. प्रत्येक पायरीवर थांबा, आणि दहा मिनिटांत रोध एक टक्क्यापेक्षा कमी हलला तरच वाचन लिहा. आमच्या फर्नेसला त्यासाठी अर्धा तास लागतो. मध्ये लाइट गेली तर ती पायरी पुन्हा पहिल्यापासून करा. दहा मिनिटंच तर गेली होती, असं म्हणून पुढे गेलेले बिंदू नंतर रेषेबाहेर दिसतात.

सहावी तपासणी: कोणता रोध वाचताय

ही सगळ्यात अवघड आहे, कारण इथे यंत्रात बिघाड नसतो. काय मोजलं हे समजण्यात चूक असते.

ज्यांच्याकडे फक्त एलसीआर मीटर आहे ते एका ठरावीक वारंवारतेला, समजा १० किलोहर्ट्झला, सगळी वाचनं घेतात. सिरॅमिक गोळीत आयनाला दोन अडथळे असतात: कणाच्या आतल्या उड्या, आणि दोन कणांमधली सीमा. इम्पिडन्सच्या आलेखात सीमेचं स्वतंत्र अर्धवर्तुळ दिसतं. आमच्या गोळीत सीमेची धारकता १ नॅनोफॅरडच्या आसपास होती. ९५.५ किलोओहमला त्या अर्धवर्तुळाचा माथा १.७ किलोहर्ट्झवर येतो, आणि १५० अंशाला १ किलोओहम असताना तो सरकून सुमारे १५८ किलोहर्ट्झवर जातो.

आता १० किलोहर्ट्झचं मीटर काय करेल पाहा. गरम गोळीत १० किलोहर्ट्झ माथ्याच्या बरंच खाली आहे, म्हणून सीमेसकट पूर्ण रोध मिळतो. थंड गोळीत तीच वारंवारता माथ्याच्या वर आहे. विद्युत क्षेत्र इतक्या लवकर दिशा बदलतं की आयन कणाच्या आतच मागेपुढे हलतो, सीमा ओलांडायला त्याला वेळच मिळत नाही. मीटर सिरीज मोडवर असेल तर ९५ किलोओहमऐवजी मोजकेच किलोओहम दाखवेल. पुन्हा उजवं टोक आडवं, पुन्हा ऊर्जा कमी, आणि या वेळी गोळी अगदी कोरडी असते. पाण्यापासून हा प्रकार वेगळा ओळखायचा तर वारंवारता १० पटीने खाली आणा. आकडा बदलला तर दोष वारंवारतेचा आहे. पाण्याचा दोष तापवून थंड केल्यावर जातो, हा जात नाही.

म्हणून प्रत्येक तापमानाला पूर्ण वारंवारता पट्टा घ्या आणि अर्धवर्तुळ जिथे अक्षाला टेकतं तिथला रोध वाचा. उजवीकडचा टेकबिंदू पूर्ण गोळीचा, डावीकडचा कणाच्या आतला. वर आलेले ०.४५ हे पूर्ण गोळीचे आहेत, आणि तिच्या रोधात मोठा वाटा सीमेचा आहे. स्फटिकाच्या आतल्या उडीचा अडथळा हवा असेल तर डाव्या टेकबिंदूचीच वेगळी रेष काढावी लागते. प्रबंधात ०.४५ लिहून त्याला जालकातल्या उडीची ऊर्जा म्हणणं चूक आहे. हे मी तिलाही सांगितलं. तिने दोन्ही रेषा काढल्या, आणि डावीचा उतार बराच कमी निघाला.

कुठे थांबायचं

रेझिस्टरची तपासणी नापास झाली आणि वायरी बदलूनही वाचन सुधारलं नाही, तर यंत्र उघडू नका. कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. फर्नेसचं आतलं थर्मोकपल किंवा हीटर बदलायचा असेल तर इलेक्ट्रिशियनशिवाय हात लावू नका. तिथे २३० व्होल्ट असतात, आणि कॉइलवरचं आवरण पुष्कळदा तडकलेलं असतं.

वाळवलेल्या गोळीची रेष तापवताना आणि थंड होताना एकाच तापमानाला मोडत असेल, तर तो बिघाड नसून पदार्थाचा गुण असू शकतो, जसं सिल्व्हर आयोडाइड १४७ अंशाला रचना बदलतं आणि वाहकता एकदम उडी घेते. मोडाच्या दोन्ही बाजूंना मिळून एक रेष ओढू नका. विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात डीएससी करून घ्या, तापमान जुळतं का पाहा, आणि दोन बाजूंच्या दोन ऊर्जा द्या. पॉलिमर इलेक्ट्रोलाइटची रेष तर कोरडी असूनही पुष्कळदा सबंध वाकलेली असते. तिथे हे सूत्रच लागू नाही.

टायटॅनियम असलेली गोळी सिंटर झाल्यावर निळसर किंवा काळपट दिसली तर मापन थांबवा. काही टायटॅनियम क्षपण होऊन इलेक्ट्रॉन वाहू लागले असण्याची शक्यता आहे, आणि मग उताराचा आयनाशी संबंध राहत नाही. ०.१ व्होल्ट डीसी लावून प्रवाह पाहा. सिल्व्हर पेस्ट लिथियम आयनांना अडवते, त्यामुळे आयनवाहक गोळीत प्रवाह मायक्रोअँपिअरवरून घसरत अगदी क्षीण होतो. तासाभरानंतरही तो सुरुवातीच्या मोठ्या हिश्शावर टिकून राहिला, तर ती गोळी मार्गदर्शकांकडे न्या आणि हवेत पुन्हा भाजायची की नवीन बनवायची ते त्यांच्याबरोबर ठरवा.